कांद्याच्या रीलमागचा आवाज

मंचरला माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. गाणी कापणं हाच धंदा, तरी रीलवाल्यांनी गाण्याचे तुकडे केलेले पाहिले की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, खाटकाने मटणाला नाक मुरडावं, तसं हे.

त्या हंगामात एका रीलने वात आणला होता. कांद्याच्या ढिगापुढे कपाळाला हात लावून बसलेला माणूस, मागे चिरक्या आवाजात एक ओळ आणि खाली लिहिलेलं: ‘भाव तुझा बघता बघता कांदा गेला सडून.’ अख्ख्या बाजाराच्या मोबाइलवर तेच.

एका दुपारी बेल्ह्याहून एक मावशी आल्या. त्यांनी फोन पुढे केला, त्यात तेच रील होतं.

“भाऊ, ह्यातला आवाज आमच्या मालकांचा हाय. पुरं गाणं काढून द्या.”

मालक वारले होते. हयातभर ते जागरणाच्या पार्टीत गायले, पण घरात त्यांच्या आवाजाची एकही क्लिप नव्हती. मुलं म्हणत, आईला भास होतो. मलाही तसंच वाटलं. तो आवाज माणसाचा की चिचुंद्रीचा, हेच कळत नव्हतं. पण बाई टेम्पोतून अवघडून आल्या होत्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं.

खालची ओळ टाकून शोधलं, तर कांद्याचीच रीलं निघाली. गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवलं, त्यालाही काही सापडलं नाही. रीलमधल्या ऑडिओवर बोट दाबून ज्याने तो पहिल्यांदा टाकला त्याच्यापर्यंत पोचलो. त्याला कमेंटमध्ये कुणीतरी गाणं कुठलं म्हणून विचारलं होतं. त्याचं उत्तर: ‘ग्रुपवर आलं व्हतं राव.’

मग मी तो ऑडिओ माझ्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. वेग कमी केला, सूर खाली आणला, वरून चिकटवलेला ठेका जमेल तेवढा दाबला. चिरकेपणा गेला आणि आत पुरुषांचा कोरस निघाला. कांदा नव्हताच त्यात, भावही नव्हता. ‘वाट तुझी बघता बघता सांज गेली सरून.’ लिहिणाऱ्याने आपल्या अकलेने ओळ फिरवली होती आणि मी त्याच ओळीवर शोधत बसलो होतो.

“म्हाळसा म्हणती ही,” मावशी म्हणाल्या. “देव बाणाईकडं गेल्याला असतो तवा.”

खरी ओळ शोधूनही काही आलं नाही. जुन्या सीड्या इंटरनेटवर चढवणारे गाण्याच्या ओळी कशाला लिहितील? नुसतं ‘जागरण, भाग दोन’ असं असतं. म्हणून म्हाळसा-बाणाईच्या जागरणाचे जुने व्हिडिओ एकेक उघडून कमेंट वाचत गेलो. अखेर एकाखाली सापडलं: ‘कांद्याच्या रीलवालं गाणं हेच हाय.’

गाणं लागलं. पडद्यावर पुढे गाणारा मुख्य वाघ्या दिसत होता, मागचे सगळे अंधारात. जागरणाच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात गाणारा आपलं नाव आणि गाव गुंफतो. मी थेट तिथे गेलो. नाव भलत्याच माणसाचं, गावही दुसऱ्या तालुक्यातलं.

मला वाईट वाटलं. “मावशी, हे तुमचे नाहीत हो.”

त्या शांतच होत्या. “ते म्होरक्याचं नाव. आमचं मालक मागं झील धरायचं. झीलकऱ्याचं नाव कोन घेतंय गाण्यात? वाईच मागं घ्या.”

झील म्हणजे मागच्यांनी उचलून धरायचं पालुपद. रीलमध्ये कापलेली ओळ तीच होती. मी मागे घेतलं. मावशींनी बोट वर केलं. “आता बाकीचं थांबत्याल. ते नाय थांबायचं.”

बाकीचे थांबले. ‘सरून’वरचा एक आवाज मात्र तसाच पुढे गेला, खाली उतरला आणि मग थांबला. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. “घरी बी तसंच,” त्या म्हणाल्या. “समदी जेवून उठायची, ह्ये ताटावरच.”

मी पूर्ण गाणं फोनमध्ये भरायला घेतलं, तर त्यांनी हात धरला. “पुरं नगं आता. त्येवढीच वळ द्या. म्होरक्याचं काय करू?”

मग मीही तेवढाच तुकडा कापला, रीलवाल्याने कापला होता तिथूनच. वेग तेवढा खरा ठेवला आणि शेवटचा तो आवाज पुरता येऊ दिला.

“फाइलला नाव काय देऊ?”

दुपारपासून त्या नुसतं ‘मालक’ म्हणत होत्या. आता दाराकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट. मी ते टाइप केलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

“आन गाव,” त्या म्हणाल्या. “गाव बी लिवा.”