आरशावरचं ब्रीदवाक्य

आमच्या व्यायामशाळेतल्या मास्तरांचा दरारा भारी. डोक्यावर वजन ढकलताना कुणाचे पाठीवरचे फरे, म्हणजे खांद्याची पाती, हलले, की ते खेकसायचे. आरशाच्या वरच्या कडेला त्यांनी स्वतः रंगवलं होतं: 'वजन वर, फरे खाली घट्ट!'

शेवटी त्यांचाच खांदा आखडला. फिजिओथेरपिस्ट बहीण कडाडली, "दादा, हात वर जाताना फराही वर फिरायला हवा, त्याचे स्नायू त्याला फिरवतात. खांद्यातले छोटे स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत मधोमध धरतात. तू फराच जखडलास, मग त्या छोट्या स्नायूंना चिमटा बसणारच!"

मास्तरांना पटलं, हेच नवल. फडकं घेऊन ते आरशापाशी गेले. हात खांद्याच्या वर जाईना. त्यांचं वाक्य पुसायची आमची काय बिशाद! ते अजून तिथंच आहे, आणि नवे लोक ते इमानेइतबारे पाळतात.