जमिनीतलं आणि जमिनीवरचं

बेळगुंदीच्या गुणाबाईंच्या दारातून पाहुणा कधी उपाशी गेला नव्हता, आणि हे त्या स्वतःच गावाला वरचेवर ऐकवत. एका एकादशीला निपाणीकडचे बाबगोंडा अण्णा त्यांच्या घरी बैलजोडी बघायला आले. गुणाबाईंनी तुपात परतलेला रताळ्याचा कीस पुढं ठेवला.

"आक्का, आम्ही जैन. जमिनीतला कंद खात न्हाय," अण्णा ओशाळून म्हणाले.

गुणाबाई पेचात पडल्या. उपासाचा सगळ्यात पवित्र पदार्थच पाहुण्याला वर्ज्य निघाला होता, आणि एकादशीला घरात भात काही शिजणार नव्हता. त्यांनी परसातली कच्ची केळी उतरवली, उकडून सोलली, फोडी करून घासलेल्या कढईत तूप, जिरं आणि मिरचीवर परतल्या. दाण्याचं कूट घालताना मात्र हात थांबला.

"अण्णा, शेंगा बी जमिनीतल्याच की?"

"ते चालतंय," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "शेंग म्हंजे कंद न्हवं."

अण्णांनी दोनदा मागून खाल्लं. ते बघून शेजारी फराळाला बसलेल्या गुणाबाईंच्या यजमानांनी, मारुतीरावांनी, आपला कीस बाजूला सारला आणि केळ्यासाठी ताटली पुढं केली.

गुणाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "तुमी कधी जैन झालासा?"