सिस्टरच्या थडग्यावरचे चांदीचे डोळे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि ते जाऊन आता सहा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही.

चेन्नईत, अड्यारला आमच्या गल्लीमागे नन्सचा मठ आहे. तिथल्या एका सिस्टरचं थडगं लोक फार मानतात. थडग्याची माती पुडीत बांधून न्यायची, आजाऱ्याच्या उशाखाली ठेवायची. नातीच्या डोळ्याला जखम झाली तेव्हा मीही नेली. औषधाचे थेंब चालूच होते, तरी नवस बोलले. डोळा बरा झाला आणि मी, आपल्या देवीला वाहतो ना, तसे चांदीचे डोळे तिथे टांगले. मग दर मंगळवारी निरांजन. माझं बघून बायका पणत्या आणू लागल्या, कुणी सिस्टरच्या फोटोमागे सोनेरी वलय चिकटवलं.

थडग्याची राखण आरोक्यमकडे, मठातच राहायची. ती रोज म्हणायची, "मामी, वेण्डाम, नको हे. फूल ठेवा, मनात मागा. दिवा नको."

मी हसायचे. "तुझ्या सिस्टरला दिव्याची ॲलर्जी आहे का गं?"

पण तिला नियम माहीत होता. संत ठरवण्याआधी चर्चची चौकशी होते, आणि तोवर उघड पूजा झालेली चालत नाही. दिवे, नवसाच्या वस्तू, वलय — यातलं काही दिसलं तर सगळी चौकशी अडून बसते.

आणि ते आले. बिशपांनी नेमलेले दोन फादर, शिवाय लिहून घेणारा एक. थडगं पाहिलं, सिस्टरची खोली पाहिली, शेजाऱ्यांना एकेक करून बोलावलं. मी हिंदू, तरी मलाही. खरं सांगेन अशी शपथ घेतली मी. विचारलं — हे कुणी सुरू केलं?

मी म्हटलं, आरोक्यमनं.

का म्हटलं? सिस्टरचं संतपण माझ्यामुळे अडेल म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. त्या कागदावर मला माझं नाव नको होतं, एवढंच. त्यांनी ते वाचून दाखवलं, आणि मी खाली सही केली.

पणत्या उचलल्या, वलय खरवडलं, डोळे काढले. आरोक्यम नाही-नाही म्हणत राहिली, पण थडग्याच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे होती, तिचं कोण ऐकणार? तिची राखण गेली, राहायची खोलीही गेली. साठीला आलेली बाई, भावाच्या गावी निघाली.

साक्ष गुप्त असते, त्यामुळे तिला कधी कळलं नाही. जायच्या सकाळी ती माझ्या दारात आली. म्हणाली, मामी, तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोलला असाल. मी रव्याचे लाडू बांधून दिले. तिनं माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले — आणि मी लावू दिले.