दिवाळीनंतरची कायम नोकरी

मी तेव्हा सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. जिल्हा परिषदेकडून तात्पुरत्या जागेचा कॉल आला, तेव्हा मालक म्हणाले, "जाऊ नकोस पोरी. दिवाळीनंतर तुला कायम करतो, हेडक्लार्क करतो. माझा शब्द." मी हरखले. अकलूजला राहणाऱ्या आमच्या निवृत्त हेडमास्तरांना त्याच दिवशी कळवलं.

सरांचं उत्तर आलं. अक्षर थरथरतं, पण सूर वर्गातलाच.

"अनेक आशीर्वाद. अभिनंदन आत्ताच करत नाही. शब्द किती गोड, हे बघू नकोस. आधी कुणाला दिला होता, ते शोध. तिथं बसलेल्यांना विचारू नकोस, त्यांना पोट आहे. सोडून गेलेल्याला विचार. मग आज देता येईल असं काहीतरी माग. नेमणूकपत्र माग, त्यात कायम होण्याची तारीख माग. मालक खोटारडाच असेल असं नाही. माल खपतो तेव्हा माणूस मनापासून बोलतो, आणि मंदी आली की मनापासून विसरतो. म्हणून कागद. मागताना घाबरू नकोस. तू भीक मागत नाहीस."

कारखान्यातले माझ्याआधीचे क्लार्क आता कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसत. मी विचारल्यावर ते हसले. "दिवाळीनंतर म्हनाले ना? मलाबी तसंच म्हनाले हुते की. कंची दिवाळी, ते न्हाय सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर उभी राहिले. मुकादम तिथंच होता. तो जाईपर्यंत थांबले नाही.

"मालक, नेमणूकपत्र हवंय. कायम करण्याची तारीख घालून."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच लिहून मागते. बोललात तेच टाइप करून आणते, तुम्ही फक्त सही करा."

त्यांचा चेहरा लाल झाला. "इथं मुलींना कामावर घेतो हेच उपकार आहेत!"

"काम मी करते, मालक. उपकार कसले?"

मुकादम जमिनीकडे बघत राहिला. टाइपरायटरवर कव्हर घालून मी कायमची बाहेर पडले.

घरी वडील भडकले. "हातचं सोडून तात्पुरतं धरतेस?" मी म्हटलं, "तात्पुरतं आहे असं ते तोंडावर सांगतात. लिहून देतात."

जिल्हा परिषदेतली ती नोकरी मुदतीत संपली, लिहिल्याप्रमाणेच. मग कित्येक महिने मी रिकामी होते. शेजारणी वडिलांना ऐकू जाईल अशा बेतानं हळहळायच्या. मालकांनी मुकादमाकरवी निरोप धाडला, "ये परत, झालं गेलं विसरू." मी विचारलं, "कागद आणलाय?" त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग त्यांना सांगा, मी कामात आहे."

कामात कुठली! एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभी होते. पुढच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या कचेरीत जागा मिळाली. नेमणूकपत्र हातात पडलं, तेव्हा तिथल्या हेडक्लार्कसमोरच मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ते ताटकळले. ताटकळू दिलं.