पाहिजेसाहेबांची शेवटची पोस्ट

आमच्या ऑफिसात इमारतींची डिझाइन्स होतात. तिथल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअरचं नाव पोरांनी 'पाहिजेसाहेब' ठेवलंय, कारण त्यांचं एकही वाक्य 'पाहिजे' आल्याशिवाय संपत नाही. माणूस लाखमोलाचा, पण बोलायला लागला की समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं वाटतं.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी कंपनीच्या पेजसाठी, नव्या इंजिनिअरांना उद्देशून एक पोस्ट लिहिली. दहा सल्ले, दहा 'पाहिजे'. पेज मी सांभाळते. त्यांच्या आधीच्या दोन पोस्ट कुणी वाचल्या नव्हत्या, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ही तरी वाचली जाईल असं काहीतरी कर, म्हणाले. ऐकून मला वाईट वाटलं.

मी 'तुम्ही'चं 'आपण' केलं, 'पाहिजे'च्या जागी 'बरं असतं' घातलं. उपदेश होता तिथेच राहिला, फक्त आवाज गोड झाला. शेवटी नऊ सल्ले सरळ उडवले आणि उरलेला एक घेऊन त्यांच्यासमोर बसले: 'चूक झाली तर ताबडतोब कबूल केली पाहिजे.' हे तुम्ही कधी केलंत तेवढं सांगा, म्हटलं.

ते चष्मा पुसत बसले.

"केलं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतो ना."

नोकरीचं दुसरं वर्ष. एका बीमचं सुधारित ड्रॉइंग त्यांनी साइटवर पाठवलं, पण जुनं परत मागवायचं विसरले. कामगारांनी जुनं बघून सळ्या बांधल्या. सगळं सोडून पुन्हा बांधायला तीन दिवस गेले. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा यांनी सांगितलं, जुनं आणायला ऑफिसात ड्रॉइंग काढणाऱ्या ड्राफ्ट्समनकाकांना सांगितलं होतं. काकांनी मुकाट्याने बोलणी खाल्ली. त्या वर्षी काकांची बढती हुकली.

मला साहेबांचा राग आला आणि कीवही. मी ऐकलं तसं त्यांच्याच तोंडी लिहिलं: मी विसरलो, मी खोटं बोललो, दुसऱ्याने भोगलं. शेवटी तात्पर्य घातलं नाही. त्यांनी वाचलं, 'खोटं बोललो'वर बोट ठेवलं आणि 'गडबडलो' कर म्हणाले. मी म्हटलं, मग जुनेच दहा सल्ले टाकू.

त्यांनी फोन उचलून काकांना लावला, स्पीकरवर. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. साहेबांनी अडखळत सगळं सांगितलं, पोस्टही वाचून दाखवली.

"मला तेव्हाच कळलं होतं रे," काका म्हणाले. "तू कधीतरी सांगशील म्हणून दोन-तीन वर्षं वाट पाहिली. मग सोडून दिलं."

साहेबांनी फोन ठेवला. मला म्हणाले, शेवटी हेही घाल. मी काकांचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. त्यांनी एकही शब्द बदलायला सांगितला नाही.