लॅमिनेशनवाल्याचा काळा कोट

मालवणच्या बाजारात जासिंत फर्नांडिसचं लॅमिनेशन आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे. खाऱ्या हवेवर त्याचा जन्माचा राग. कागद उघडा ठेवला की हवा तो खाते, असं त्याचं ठाम मत, आणि मत झालं की लगेच मशीन गरम. रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, लाईटबिल, सगळं प्लास्टिकात. एकदा त्याने बायकोने लिहून दिलेली वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा लॅमिनेट करून आणली होती, आणि सामान मात्र विसरला होता. मारियान ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.

तर या मारियानची दाढ ठणकायला लागली. शनिवारी संध्याकाळी गाल असा सुजला की डेंटिस्टबाईंनी बघताच सांगितलं, आत पू आहे, गोळ्या सुरू करायला हव्यात. मग नेहमीचा प्रश्न विचारला, कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का?

आली होती. गेल्या वर्षी चर्चच्या मंडळींबरोबर मारियान पोर्तुगालला फातिमाच्या यात्रेला गेली होती. तिथे ताप आणि खोकला होऊन दोन दिवस हॉस्पिटलात काढले. कसल्याशा औषधाने अंगभर गांधी उठल्या, मग त्यांनी औषध बदललं. नर्स काहीतरी सांगत होती आणि मारियान सगळ्याला "सीं, सीं", म्हणजे हो हो, म्हणत होती. निघताना एक छापील कागद दिला, पोर्तुगीजमधला. बाईंनी तो पाहिला. दोन अँटिबायोटिकची नावं त्यांना ओळखता आली. पण बाधलं कुठलं आणि चाललं कुठलं, ते कळेना. "कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, मग फोनवर गोळी सांगते," त्या म्हणाल्या. "तोवर नुसती दुखण्याची घ्या."

कागद अर्थातच लॅमिनेट केलेला होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जासिंत फोटो काढायला बसला. मडगावात त्याची भाची डेलिशा पोर्तुगीज शिकवते, तिला पाठवायचा होता. बाजार बंद, त्यामुळे स्कॅन करणारं कुणी उघडं नव्हतं. त्याने कागद टेबलावर ठेवला, ट्यूब लावली आणि वर फोनचा फ्लॅशही लावला. उजेड जास्त तितकं अक्षर स्वच्छ, असा सरळ हिशोब.

डेलिशाचा फोन आला. "अंकल, कागदाच्या मधी चंद्र उगवलोहा."

प्लास्टिक आरशासारखं चमकलं होतं, आणि त्या पांढऱ्या गोळ्याखाली चार ओळी गडप. "थंय शाई आसा, पण फोटोत नाय," डेलिशा म्हणाली. "उजेडान खाल्ली. मी मोठो करून बघितलंय तरी पांढराच."

फोन स्पीकरवर ठेवून, फ्लॅश बंद करून जासिंत पुन्हा कागदावर वाकला. ट्यूब त्याच्या डोक्यामागे. आता कागदावर त्याच्याच डोक्याची सावली, कानांसकट. सावलीच्या कडेने अर्धी ओळ उजळ, अर्धी काळी. उजळ भाग नीट दिसावा तर काळ्यातलं बारीक अक्षर बुडत होतं.

"ह्यां डोक्या कोणाचा?" डेलिशाने विचारलं.

मारियान गालावर हात धरून आतून म्हणाली, "त्या डोक्यात वाचूक काय नाय गो!"

जासिंत चिडला. सावली नको आणि चकाकीही नको, तर मग बाजूला सरकून तिरकाच काढतो. त्याने फोन टेबलाच्या कडेवरून कलता धरला. चमक गेली, सावली गेली, आणि तो खूश झाला. फोटोत मात्र कागद वाटेसारखा निमुळता होत गेलेला. जवळची अक्षरं मोठी, लांबची चेंगरलेली आणि पुसट. फोनमधल्या भाषांतराने तोच फोटो वाचून बघितला, तर वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीला जोडून भलतंच वाक्य बनवलं.

"मी वाचून सांगतंय, तू ऐक," जासिंत म्हणाला आणि चष्मा चढवून एकेक अक्षर वाचू लागला. दोन ओळींत तीन अक्षरं खाल्ली.

"ऱ्हवांदे," डेलिशाने थांबवलं. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "औषधाचा काम आसा. 'रिअ‍ॅक्शन आली, बंद केलं' इतक्या माका वाचूक येता. कशाची आली, त्याच शब्दावर तुझी चकाकी. अंदाजान सांगूचंय नाय मी."

 जासिंतच्याच प्लास्टिकाखाली तो शब्द सुरक्षित होता आणि फोटोत येत नव्हता. सोलून काढावं तर शाईही सोबत निघणार. आत मारियान कण्हत होती.

"फोन वाकडो करू नको. उजेड हलव," डेलिशा म्हणाली. "ट्यूब बंद. पडवीत चल. वर कौलां आसत, काळोखी. उजेड अंगणातसून आडवो येवंदे. कागद जमिनीर सपाट घाल. फोन बरोबर वर, कागदाक समांतर. चारय कोपरे दिसूक होये. मगे पाठवच्या आदी मोठो करून वाच."

जासिंतने पडवीत कागद मांडला. अंगणाच्या आणि कागदाच्या मध्ये येणार नाही असा बाजूला गुडघे टेकून बसला. बारा आणे जमलं. तरी एका कडेला पांढुरका पडदा राहिलाच. बराच वेळ त्याला कळेना कसला. मग हलून पाहिलं तर पडदाही हलला. मिस्साच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाचं प्रतिबिंब प्लास्टिकात पडलं होतं.

"काळा काय तरी घाल," डेलिशा म्हणाली.

जासिंतकडे काळं एकच होतं. मर्तिकाचा कोट. वर्षाकाठी पाच-सहा वेळा बाहेर निघणारा, डांबरगोळ्यांच्या वासाचा. भर दुपारी, घामाने निथळत, त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पुन्हा गुडघे टेकून मान खाली घातली.

नेमकी त्याच वेळी शेजारची किशोरी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावली. काल मारियानचा सुजलेला गाल तिने पाहिला होता. आज पडवीत काळा कोट, गुडघ्यावर जासिंत, मान खाली.

"अरे देवा! कधी गेली रे?" म्हणत ती धावतच आली, डोळ्यांना पदर.

आतून मारियान बाहेर आली. हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधलेला, सूज उतरावी म्हणून. किशोरीने किंकाळीच फोडली.

"मी खंय जातंय?" मारियान म्हणाली. "दाढ आसा गो. आणि तू उजेडातसून बाजूक हो, नायतर ह्यो माका आज घालवतलो."

किशोरी बाजूला झाली. जासिंतने श्वास धरून फोटो काढला. मोठा केला. बारीक अक्षरसुद्धा उभं, काळं, कडेपर्यंत. त्याने पाठवला.

तिघंही पडवीतच बसून राहिली. डेलिशाचा फोन आला. ती हळू, एकेक शब्द सांगत होती. अमोक्सिसिलिन. पहिल्या डोसनंतर गांधी, ओठ सुजले, दम लागला. बंद करून दुसरं दिलं, ते मानवलं. पुन्हा कधीही देऊ नये, पेनिसिलिन गटातलं कुठलंच नाही.

जासिंतने ते डेंटिस्टबाईंना कळवलं.  "मी एरवी तीच लिहिते," त्या म्हणाल्या, आणि वेगळ्या गोळीचं नाव सांगितलं.

फोन ठेवून जासिंत कोट न काढताच पायरीवर बसला.  मारियान त्याच्या शेजारी टेकली. तो तिच्याकडे बघत राहिला, सुजलेल्या गालाकडे, रुमालाच्या गाठीकडे. लग्नानंतर इतका वेळ एकटक त्याने बहुधा मशीनकडेच पाहिलं असेल.

सोमवारी त्याने दुकानात एक छोटं कार्ड बनवलं, मारियानच्या पर्ससाठी. बाधणाऱ्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत. मशीन तापलं होतं. कार्ड आत सरकवणार, तोच त्याचा हात थांबला. प्लास्टिकात घालण्याआधी फोटो काढून ठेवावा म्हणून कार्ड खिशात घालून तो घरी आला, कोट चढवला आणि पडवीत गुडघे टेकले.

गडग्यापलीकडून किशोरीने या वेळी सावधपणे विचारलं, "फोटोक की मर्तिकाक?"

"फोटोक," जासिंत म्हणाला. "माझ्या घरातल्या मर्तिकाक ह्यो कोट कधी लागू नये."