सोडत असत

पीएचडीच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, मी २०१६ च्या एप्रिलमध्ये सरांकडे दिलं. सर माझे मार्गदर्शक. नरपडच्या रस्त्यावर चिकूच्या वाडीत त्यांचं घर होतं. मी तेव्हा डहाणूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि प्रबंधाचा विषय तलासरी तालुक्यातल्या मुलींचं शिक्षण हा होता. मी स्वतः त्याच तालुक्यातल्या, वेवजीकडच्या एका पाड्यावरची, त्यामुळे या विषयात मला कोणी काही शिकवावं असं मला वाटत नसे.

सरांनी प्रकरण परत दिलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक क्रियापदाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. मी जुने अभ्यास जसे आठवतील तसे लिहिले होते. कुठे ‘म्हणतात’, कुठे ‘म्हटले’, कुठे ‘म्हटले आहे’. सरांना ते अजिबात खपलं नाही.

“संशोधकाने पाहणी केली, ती झाली. ते भूतकाळात लिहा,” ते म्हणाले. “आजवर अनेकांनी एकच गोष्ट दाखवली असेल, तर ‘दाखवले आहे’ लिहा. आणि जे तुम्ही आजही खरं धरता, ते वर्तमानात. पण मग त्याची जबाबदारी तुमच्यावर.”

हे पटण्यासारखं होतं. पण एका वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. आमच्याच पट्ट्यातल्या एका जुन्या पाहणीबद्दल मी लिहिलं होतं: ‘येथील बहुसंख्य मुली सातवीनंतर शाळा सोडत असत, असे आढळले.’

“मूळ अभ्यासात काय आहे?”

“‘सोडतात’ असं आहे.”

“मग ‘असत’ कुठून आलं?”

“सर, तो अभ्यास जुना आहे.”

“अभ्यास जुना आहे, हे ‘आढळले’नं सांगितलंच. ‘सोडत असत’ म्हणजे आता सोडत नाहीत. हे त्या अभ्यासात नाही, हे तुम्ही घातलंत. कशाच्या आधारावर?”

मला राग आला. त्याच पट्ट्यातली मी पीएचडी करत त्यांच्यासमोर बसले होते, हा आधार पुरेसा नव्हता का? मी तसं बोलूनही दाखवलं.

“तुम्ही एक आहात,” सर शांतपणे म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

मे महिन्यात मी घरी गेले. आधार गोळा करायचाच होता, आणि खरं सांगायचं तर सरांना खोटं पाडायचं होतं. भावाची मुलगी, माझी भाची, नुकतीच सातवी पास झाली होती. पाड्यावरची शाळा तिथेच संपायची. भाऊ अंगणात कुडाची डागडुजी करत होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, “आठवीला कुठे घालणार हिला?”

“कुठं घालू? शाळा हायवेच्या पल्याड. पोर एकटी रोज कशी जाल?” त्यानं कामावरून मान वर केली नाही. “जाल आईसंगती, चिकू तोडायला.”

भाची तिथेच उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिला हे आधीच माहीत होतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मी अख्खा तालुका भूतकाळात ढकलून मोकळी झाले होते आणि माझ्याच घरात ते वाक्य वर्तमानात उभं होतं.

त्या संध्याकाळी मी भावाशी पुष्कळ बोलले, थोडी भांडलेही. तो वाईट माणूस नाही. त्याला तो हायवे दिसत होता आणि मला नव्हता. शेवटी वहिनीनं विचारलं, “तुमच्या डहाणूच्या खोलीत मावल का ही?” एवढाच प्रश्न उरला होता. खोली लहान होती. मावली.

जूनमध्ये भाचीचं नाव डहाणूच्या शाळेत घातलं आणि त्याच आठवड्यात सुधारलेलं प्रकरण घेऊन सरांकडे गेले. भाची बरोबर होती. सरांनी तिला चिकू दिले, तिची इयत्ता विचारली, आणि मी तिच्याबद्दल सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. मग ते वाक्य शोधून मोठ्यानं वाचलं: “‘त्या पाहणीत बहुसंख्य मुलींनी सातवीनंतर शाळा सोडल्याचे आढळले.’ हं. आणि आज?”

“आजचं मी चौथ्या प्रकरणात लिहीन सर. पाहणी झाल्यावर.”

“ही आठवीत गेली की.”

“ही एक आहे,” मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे. तिनं चिकूची बी तळहातावर काढून ठेवली होती आणि ती कुठे टाकावी हे तिला कळत नव्हतं. सरांनी हात पुढे करून ती घेतली, आणि मग प्रकरणावर सही केली.